हप्ता ६५ हजार, भाडं ५५ हजार: मग मशीन लीजवर घ्यायचं का?

भोसरी एमआयडीसीत दोन भावांचं वर्कशॉप आहे. भागीदारी फर्म, वीस-बावीस कामगार, वाहनउद्योगाला लागणारे सुटे भाग बनवण्याचं काम. मी त्यांचे हिशेब बघतो. मध्यंतरी त्यांना नवीन व्हीएमसी घ्यायचं होतं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेप्रमाणे धातू कोरणारं उभ्या स्पिंडलचं मशीन. मी गेलो तेव्हा टेबलावर दोन कोटेशन होती आणि त्यांच्यावर शॉपफ्लोअरवरच्या तेलकट बोटांचे ठसे उमटलेले होते.

पहिलं कोटेशन बँकेचं. मशीनची किंमत जीएसटी सोडून ३० लाख, पाच वर्षांचं कर्ज, व्याज १०.९ टक्के, हप्ता महिना सुमारे ६५ हजार. दुसरं लीज कंपनीचं. तेच मशीन पाच वर्षं भाड्याने, वर्षाला ६ लाख ६० हजार, दर वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ. महिन्याला पडतं ५५ हजार.

धाकट्याने कोटेशनच्या पाठीवर पेनाने वजाबाकी केलेली होती. "सर, महिन्याला दहा हजार वाचतात. पाच वर्षांत सहा लाख. शिवाय भाडं पूर्ण खर्चात जातं." थोरल्याचं म्हणणं वेगळं होतं. "पाच वर्षांनी हातात काय राहतं? मशीन त्यांचं, आपण मोकळे."

दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांचंही अर्धं. हप्ता आणि भाडं या दोन आकड्यांची थेट तुलना होत नाही. का होत नाही आणि मग कशी करायची, हे याच मशीनवरून सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत आणि महिन्याऐवजी वर्षाचा हिशेब धरला आहे.

उद्याचा रुपया आज केवढ्याचा?

भिशी लावलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. लिलावाच्या भिशीत ज्याला पैसे आधी हवे असतात तो काही रक्कम सोडून देतो आणि उरलेली उचलतो. आजचे ९० हजार आणि पुढच्या वर्षीचे एक लाख त्याच्या लेखी सारखेच असतात. पूर्वी हुंडी मुदतीआधी वटवताना सावकार जो वटाव कापायचा, तोही हाच.

आपल्याला तेच करायचं आहे. लीजमध्ये पुढच्या पाच वर्षांत खिशातून काय जाईल आणि काय येईल ते मांडायचं, आणि प्रत्येक रकमेवर वटाव कापून तिची आजची किंमत काढायची. खरेदीचंही तसंच. दोन्हींच्या आजच्या किमती आल्या की मगच त्या शेजारी ठेवायच्या. ज्याचा आकडा लहान, ते स्वस्त.

वटाव कोणत्या दराने कापायचा यावर बहुतेक गणितं फसतात. त्याला पुरेसा वेळ देऊ.

दर कोणता: कर वजा जाता कर्जाचा

लीजवर सही केली की पाच वर्षं ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी द्यावीच लागते. धंदा चालो न चालो. कर्जाच्या हप्त्याचं हेच असतं. म्हणून लीज घेणं हे स्वभावाने कर्ज घेणंच आहे आणि तिची तुलना कर्जाशीच व्हायला हवी. तेव्हा दरही कर्जाचाच घ्यायचा.

पण कर्जाचं व्याज हा धंद्याचा खर्च आहे, त्यावर कर वाचतो. भागीदारी फर्मला ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के कर लागतो. एक लाखाच्या कर्जावर वर्षाला १०,९०० रुपये व्याज भरलं की नफा तेवढा कमी होतो आणि ३,४०० रुपये कर वाचतो. खिशातून खरे जातात साडेसात हजार. म्हणजे या फर्मला कर्ज कागदावर १०.९ टक्क्यांना पडतं, आणि कर वजा जाता ७.५ टक्क्यांना.

हाच ७.५ टक्के आपला वटावाचा दर. भाडं, करबचत, घसारा हे सगळं आपण कर धरून मांडणार आहोत, मग दरही कर धरूनच हवा. एका बाजूला जीएसटीसह किंमत आणि दुसऱ्या बाजूला जीएसटीशिवाय, अशी तुलना कुणी करत नाही, तसंच हे.

मग हप्ते कुठे गेले?

हा प्रश्न मला थोरल्याने विचारला, आणि तो विचारायलाच हवा. खरेदीच्या हिशेबात मी हप्ते मांडतच नाही. मशीनची किंमत ३० लाख रोख गेली असं धरतो. कर्ज काढून घेणार असले तरीही.

एक वर्षाच्या छोट्या कर्जावर बघा. आज एक लाख घेतले. वर्षाने १,१०,९०० परत केले, व्याजावर ३,४०० कर वाचला, निव्वळ गेले १,०७,५००. त्यावर साडेसात टक्क्यांनी वटाव कापला की उत्तर येतं बरोबर एक लाख. जेवढे घेतले तेवढेच. पाच वर्षांच्या हप्त्यांचंही असंच होतं, कारण दर तोच आहे. त्यामुळे हप्त्यांची आजची किंमत ३० लाखच. हप्ते मांडा किंवा सरळ ३० लाख मांडा, फरक पडत नाही.

फरक पडतो तो दोन्ही केल्यावर. व्याज खर्च म्हणून वजा केलं आणि वर वटावही कापला, तर व्याज दोनदा मोजलं जातं आणि खरेदी उगाच महाग दिसते. कुणाच्या तक्त्यात खरेदीच्या बाजूला "व्याज" नावाचा रकाना दिसला की मी तिथेच थांबून विचारतो.

खरेदीचा हिशेब

आज ३० लाख जातात. परत येतं दोन वाटांनी.

पहिली वाट घसाऱ्याची. घसारा म्हणजे मशीनची झीज. ती प्राप्तिकरात दरवर्षी खर्च म्हणून वजा मिळते. यंत्रसामग्रीवर तो उरलेल्या किमतीच्या १५ टक्के असतो. शिवाय उत्पादन करणाऱ्या उद्योगाला नव्या मशीनवर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा मिळतो. आपल्या फर्मला तो लागू आहे, त्यामुळे पहिल्याच वर्षी ३५ टक्के.

| वर्ष | घसारा (लाख रु.) | वाचलेला कर (लाख रु.) |
|---|---|---|
| १ | १०.५० | ३.२८ |
| २ | २.९३ | ०.९१ |
| ३ | २.४९ | ०.७८ |
| ४ | २.११ | ०.६६ |
| ५ | १.८० | ०.५६ |

वाचलेल्या करावर साडेसात टक्क्यांनी वटाव कापला की आजची किंमत होते सुमारे ५ लाख ३५ हजार. त्यातले तीन लाखांहून जास्त एकट्या पहिल्या वर्षातून येतात. जादा घसाऱ्याचं वजन यातून कळतं.

दुसरी वाट विक्रीची. पाच वर्षांनी मशीनचे १० लाख येतील असं तूर्त धरू. पाच वर्षं लांबचे दहा लाख आज जेमतेम सात लाखांचे, नेमके ६ लाख ९७ हजार. त्या वेळी पुस्तकात मशीनची उरलेली किंमतही १० लाख १८ हजार असते, त्यामुळे विक्रीवर वेगळा कराचा प्रश्न जवळपास उरत नाही. हा योगायोग मी मुद्दाम जुळवून घेतला आहे. तो जुळला नाही तर काय होतं ते पुढे येईल.

३० लाखांतून ५.३५ आणि ६.९७ गेले. खरेदीची आजची निव्वळ किंमत १७ लाख ६९ हजार.

लीजचा हिशेब

इथे काम थोडं आहे. ६ लाख ६० हजार पाच वेळा, त्यातलं पहिलं भाडं आजच. आजची किंमत २८ लाख ७१ हजार. भाडं पूर्ण खर्चात जातं, त्यामुळे दरवर्षी २ लाख ६ हजार कर वाचतो. तो वर्षाअखेरीस वाचतो असं धरलं तर त्याची आजची किंमत ८ लाख ३३ हजार. घसारा आपल्याला नाही, तो मालकाला, म्हणजे लीज कंपनीला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आयसीडीएस या कंपनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. मशीनही परत जाणार, त्यामुळे विक्रीचे पैसे नाहीत.

लीजची आजची निव्वळ किंमत २० लाख ३७ हजार. खरेदीपेक्षा २ लाख ६८ हजारांनी महाग. महिन्याला दहा हजार स्वस्त दिसणारं कोटेशन खरं तर महाग निघालं.

स्वतः करून बघायचं असेल तर एक्सेलमध्ये दोन ओळी पुरतात. आकडे लाखांत आहेत:

```
=30-NPV(7.5%,3.276,0.913,0.776,0.659,10.560)
=6.6+NPV(7.5%,4.541,4.541,4.541,4.541,-2.059)
```

पहिली ओळ खरेदीची, दुसरी लीजची. `NPV` हे फंक्शन पहिला आकडा एक वर्षानंतरचा धरतं. म्हणून आज जाणारी रक्कम कंसाच्या बाहेर ठेवली आहे. ती आत गेली की एक्सेल काही तक्रार करत नाही, उत्तर मात्र चुकतं. दुसऱ्या ओळीतलं ४.५४१ म्हणजे त्या दिवशी दिलेलं भाडं वजा सरलेल्या वर्षाची करबचत. शेवटी भाडं नसतं, फक्त करबचत येते, म्हणून तिथे उणे चिन्ह आहे.

"पण लीजमध्ये कर जास्त वाचतो ना?"

वाचतो. पाच वर्षांत भाड्यावर १० लाख ३० हजार. खरेदीत घसाऱ्यावर ६ लाख १८ हजार आणि व्याजावर साधारण २ लाख ८२ हजार, मिळून ९ लाख. धाकट्याला त्याच्या मित्राने हेच सांगितलं होतं आणि त्यात खोटं काही नाही.

पण एक रुपया खर्च केला की ३१ पैसे कर वाचतो आणि ६९ पैसे जातातच. कर जास्त वाचला याचा अर्थ खर्चच जास्त झाला, असाही असू शकतो. करबचत किती झाली ते न बघता ती वजा करून खिशातून किती गेलं ते बघायचं. वरचे दोन आकडे तेच सांगतात.

दर बदलला की उत्तर उलटतं

दराचा आग्रह मी का धरतो ते आता दाखवतो. काही सल्लागार म्हणतात, "तुम्ही धंद्यात १५ टक्के तरी कमावता, मग दर १५ टक्के घ्या." तेच आकडे १५ टक्क्यांनी वटवले तर खरेदी २० लाख ३२ हजारांवर जाते आणि लीज १८ लाख ५४ हजारांवर येते. लीज पावणेदोन लाखांपेक्षा जास्त स्वस्त!

मशीन तेच, भाडं तेच, कर तोच. दर मोठा घेतला की लांबच्या रकमा चिमुकल्या होतात. लीजमध्ये पैसे उशिरा जातात, म्हणून ती स्वस्त भासते. खरेदीत विक्रीचे पैसे उशिरा येतात, म्हणून तेही नगण्य वाटतात.

हा १५ टक्के दर इथे चुकीचा आहे, कारण तो धंद्याच्या जोखमीचा दर आहे. मशीन घ्यावं की नाही, त्याला पुरेसं काम मिळेल की नाही, हे ठरवताना तो वापरा. तो प्रश्न आधीचा, आणि त्याचं उत्तर "हो" आल्यावरच आपण इथे आलो आहोत. आता प्रश्न एवढाच उरला आहे की पैसा कोणाकडून उभा करायचा, बँकेकडून की लीज कंपनीकडून. काम मिळालं नाही तरी भाडं चुकत नाही आणि हप्ताही चुकत नाही, त्यामुळे कामाची जोखीम दोन्हीकडे सारखीच राहते.

"पाच वर्षांनी दहा लाख येतीलच कशावरून?"

हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या हिशेबातला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. भाडं करारात लिहिलेलं असतं, घसारा कायद्यात. विक्रीची किंमत कुठेच लिहिलेली नसते. मग तिला तोच ७.५ टक्के लावणं जरा धाडसाचंच.

एक उपाय म्हणजे फक्त विक्रीच्या रकमेला वेगळा, जास्त दर लावणं. दहा लाखांना १५ टक्के लावले तर त्यांची आजची किंमत पाच लाखांच्या जरा खाली येते आणि खरेदी १९ लाख ६८ हजारांवर जाते. अजूनही लीजपेक्षा ६९ हजारांनी खाली. इथे १५ टक्के चालतो, कारण अनिश्चित असलेली रक्कम एवढी एकच आहे.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. प्रश्न उलटा विचारायचा: मशीन किमान कितीला विकलं गेलं तर खरेदी आणि लीज बरोबरीत येतील? इथे एक बारकावा आहे. प्राप्तिकरात प्रत्येक मशीनचा घसारा वेगळा चालत नाही. एकाच दराची सगळी यंत्रं एका गटात धरतात आणि विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते. फर्मकडे आणखी मशीनं आहेत, त्यामुळे गट चालूच राहतो. मशीन पुस्तकी किमतीपेक्षा स्वस्तात गेलं तर उरलेल्या रकमेवर पुढची कित्येक वर्षं १५ टक्क्यांनी घसारा मिळत राहतो. आपल्या दरांनी त्या प्रत्येक रुपयामागे २१ पैशांची करबचत होते, पाचव्या वर्षाअखेरच्या किमतीत. म्हणजे विक्रीत तोटा झाला तर त्याचा पाचवा हिस्सा करातून भरून निघतो, पण हळूहळू.

हे धरून बरोबरीची किंमत येते ५ लाख ९ हजार. आता चर्चा एकदम सोपी होते. हे मशीन पाच वर्षांनी पाच लाखांच्या वर विकलं जाईल का? यावर माझ्यापेक्षा त्या दोघा भावांना जास्त कळतं. जुन्या मशीनचा व्यापारी काय बघतो ते त्यांनीच मला सांगितलं: स्पिंडल किती तास फिरलं, बेअरिंगचा आवाज कसा आहे, बॉलस्क्रूमध्ये ढिलेपणा किती, आणि कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का. शेवटची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण कंट्रोलर बाद झाला असेल तर धडधाकट मशीनचीही किंमत पडते.

"कर्ज काढलं की लिमिट भरते, लीजला ती अडचण नाही"

पैसा हातात मोकळा राहतो, हा लीजच्या बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा. बँक बहुधा पूर्ण किंमत देत नाही, काही वाटा स्वतःचा घालायला सांगते. लीजमध्ये फक्त पहिलं भाडं. ही सोय खरी आहे. पण सोय केवढ्याला पडते ते काढता येतं.

खरेदी आणि लीज या दोन्हींची आजची किंमत सारखी करणारा दर शोधला, तर आपल्या आकड्यांत तो कर वजा जाता ११.७ टक्के येतो. करापूर्वीच्या भाषेत १७ टक्के. विक्रीला दहा लाख येणार असतील, तर ही लीज म्हणजे १७ टक्के व्याजाचं कर्ज आहे. बँक १०.९ ला देत असताना कुणी १७ ने घेणार नाही. पण बँकेने नाही म्हटलं असेल आणि दुसरीकडे पैसे १९-२० टक्क्यांनीच मिळत असतील, तर लीज खरोखर स्वस्त आहे आणि मी तीच घ्यायला सांगेन. वटावाचा दर म्हणजे तुम्हाला आज खरोखर ज्या दराने कर्ज मिळू शकतं तो दर. शेजारच्या कारखान्याला मिळतो तो दर उपयोगाचा नाही.

लीज ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाही, असंही सांगितलं जातं. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ते दिवस संपले. त्यांना लागू असलेल्या इंड एएस ११६ या मानकानुसार १ एप्रिल २०१९ पासून जवळपास सगळ्या लीज ताळेबंदात देणं म्हणून दाखवाव्या लागतात. लहान फर्मला ते मानक लागू नाही, पण कर्ज देणारा बँक अधिकारी बँक स्टेटमेंटमध्ये दरवर्षी जाणारं भाडं बघतोच.

तारीख, जीएसटी आणि करारातली बारीक अक्षरं

मशीन आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, जादा घसाराही निम्मा. त्यातला उरलेला जादा निम्मा पुढच्या वर्षी. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत मशीन सुरू झालं पाहिजे. नुसतं आवारात येऊन चालत नाही, ते वापरात यावं लागतं. जादा घसारा अजिबात मिळत नसेल, उदाहरणार्थ कमी कराचा पर्याय निवडलेल्या कंपनीला किंवा उत्पादन न करणाऱ्याला, तर गणित वेगळं होतं. आपल्या फर्मच्याच दराने बघितलं तर बरोबरीची विक्री किंमत ५ लाख ९ हजारांवरून ६ लाख १४ हजारांवर चढते.

जीएसटी मशीनवरही १८ टक्के आणि भाड्यावरही १८ टक्के. त्याची वजावट पूर्ण मिळत असेल तर तो दोन्हीकडून बाद होतो. मात्र खरेदीत ५ लाख ४० हजार एकदम भरावे लागतात आणि आपल्या मालाच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळते होईपर्यंत ते अडकून राहतात. वजावट मिळत नसेल तर ३० च्या जागी ३५.४ आणि ६.६ च्या जागी ७.७९ लाख धरून सगळं पुन्हा करायचं.

करारात मी तीन गोष्टी शोधतो. देखभाल आणि विमा कोणाकडे, मध्येच सोडायचं म्हटलं तर काय भरावं लागेल, आणि परत देताना मशीन कोणत्या स्थितीत हवं. मध्येच सोडण्याचा दंड म्हणून उरलेलं सगळं भाडं लिहिलेलं असेल, तर "मशीन जुनं झालं की परत करू" या बोलण्यात काही अर्थ उरत नाही.

गाडी असेल तर

पद्धत तीच, आकडे वेगळे. धंद्यासाठी घेतलेल्या कारवर घसारा १५ टक्के. भाड्याने चालवायच्या ट्रक, बस, टॅक्सीवर ३० टक्के, त्यामुळे तिथे खरेदीतली करबचत लवकर हाती येते. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनांना जादा घसारा नाही. कारवरच्या जीएसटीची वजावट बहुतेक धंद्यांना मिळत नाही, आणि लीजवर घेतलेल्या कारच्या भाड्यावरच्या जीएसटीचीही नाही. "लीजवर घेतली तर जीएसटी परत मिळतो" हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते आवर्जून सांगतो.

गाडीच्या भाड्यात विमा, सर्व्हिसिंग, कधी टायरसुद्धा धरलेले असतात. ते वेगळे काढल्याशिवाय तुलना करू नका. महिना ३० हजार भाड्यात ५ हजारांची अशी सेवा असेल, तर एक तर भाडं २५ हजार धरा, नाही तर खरेदीच्या बाजूला तोच खर्च वाढवा. सेवा एका बाजूला मोजली आणि दुसऱ्या बाजूला विसरलो, तर बाकीचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं.

त्या मशीनचं काय झालं

धाकट्याने माझ्यासमोरच जुन्या मशीनच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. आज पाच वर्षं जुनं, याच आकाराचं, दोन पाळ्यांत चाललेलं मशीन कितीला जातं ते विचारलं. व्यापाऱ्याने आधी स्पिंडलचे तास विचारले, मग सात-आठ लाख म्हणाला. आम्ही सात धरले. खरेदी १९ लाख ३२ हजार, लीज २० लाख ३७ हजार, फरक सुमारे एक लाख पाच हजार. थोरल्याने बँकेचं कोटेशन उचललं आणि पुरवठादाराला फोन करून एवढंच विचारलं, की सप्टेंबर संपायच्या आत मशीन बसवून, पहिला जॉब काढून देता का.